सिनॉप्सिसमधले शंभर आले कुठून?

*मॅडम, मी इंदूरला बालरोग विभागात एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाइड सरांनी विषय दिलाय: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत लोहाची कमतरता आणि तापातली आकडी. सीनियरचा सिनॉप्सिस समोर ठेवून मी 'क्रॉस-सेक्शनल स्टडी' लिहिलं. एनएफएचएस-५ मधले ६७.१ टक्के `4pq/L²` मध्ये घातले, ८९ आले, म्हणून १०० लिहिले. ५० केस, ५० कंट्रोल. कंट्रोल म्हणजे लसीकरणाला येणारी निरोगी मुलं. समितीत विचारलं, "शंभरच का? आणि हा क्रॉस-सेक्शनल कसा?" मला काही बोलता आलं नाही. तीन आठवड्यांत सुधारून द्यायचंय. अभ्यास वेळेत पुरा होईल की नाही, याचीही धास्ती आहे. सर म्हणतात, "तू बघ."*

*– एक ज्युनियर रेसिडेंट, इंदूर*

तू बघ म्हणाले ना, मग बघूच. समितीने तुला अडवलं ते बरंच झालं. हाच प्रश्न तीन वर्षांनी बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारला असता, तर तेव्हा सुधारायला काही उरलं नसतं. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं, पण ते पुढे सांगते.

आधी नाव. आकडी आलेली मुलं एका बाजूला, न आलेली दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे मागे वळून पाहायचं की लोह कमी होतं का. हा केस-कंट्रोल अभ्यास झाला. क्रॉस-सेक्शनलमध्ये तू एका गटातली सगळी मुलं घेतेस आणि कुणाला काय आहे ते मोजतेस. तिथे केस किती आणि कंट्रोल किती हे तू ठरवत नाहीस, ते जसे निघतील तसे निघतात. तू '५० आणि ५०' लिहिलंस त्याच क्षणी तुझा अभ्यास क्रॉस-सेक्शनल राहिला नाही. समितीतल्या कुणी विचारेल, "रक्त तर आकडी येऊन गेल्यावर घेतेस, मग कारण आधीचं कशावरून?" उत्तर सोपं आहे. शरीरातला लोहाचा साठा काही आठवडे-महिने लागून आटतो, एका रात्रीच्या झटक्याने आटत नाही. म्हणून या विषयाला केस-कंट्रोल शोभतो. हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये डिझाइनच्या खाली लिहूनच टाक.

आता ते ८९. `4pq/L²` हे सूत्र 'किती टक्के मुलांत आहे?' या प्रश्नासाठी आहे. ६७.१ टक्के आणि त्यात दहा टक्क्यांची अलीकडे-पलीकडे चूक धरली की ८९ येतातच, गणित तुझं बरोबर आहे. पण तुझा प्रश्न 'किती टक्के?' नाहीच. तुझा प्रश्न आहे, 'आकडीच्या मुलांत लोहाची कमतरता जास्त आहे का, आणि किती पट?' दोन गट ताडून पाहायचे तर सूत्रातही दोन गट हवेत. शिवाय ६७.१ हा आकडा अ‍ॅनिमियाचा आहे, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. लोहाची कमतरता ही वेगळी गोष्ट. अ‍ॅनिमिया असलेल्या प्रत्येक मुलात लोह कमी असतंच असं नाही, आणि लोह कमी असून हिमोग्लोबिन अजून टिकलेली मुलंही असतात. कमतरतेचा आकडा हवा तर २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, म्हणजे सीएनएनएसमध्ये बघ. एक ते चार वर्षांच्या मुलांत फेरिटिनवरून तो ३२ टक्के आला होता. हा तुझा कंट्रोल गटाचा आकडा. याला p0 म्हणू.

दुसरी गोष्ट तुला स्वतःला ठरवावी लागते: किती फरक सापडला तर तो महत्त्वाचा मानायचा? केस-कंट्रोलमध्ये हे ऑड्स रेशोने सांगतात. तो अडीच धरला, तर केस गटात कमतरता किती असायला हवी ते असं निघतं आणि त्यावरून संख्या:

```
p1 = OR × p0 / (1 + p0 × (OR − 1))
   = 2.5 × 0.32 / (1 + 0.32 × 1.5) = 0.54

n  = (1.96 + 0.84)² × [p1(1−p1) + p0(1−p0)] / (p1 − p0)²
   = 76 (दर गटात)
```

१.९६ म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी आणि ०.८४ म्हणजे ८० टक्के पॉवर. समितीत हे दोन आकडे कुठून आले असं विचारतातच, पाठ असू देत. आणि p1 चे पुढचे दशांश हिशोबात ठेव. ०.५४ वर थांबलीस तरी इथे ७६ च येतात, पण ऑड्स रेशो तीन धरून ०.५९ वर थांबलीस तर ५२ चे ५० होतात आणि नेमक्या त्याच दोनावर कुणीतरी बोट ठेवतं.

आता तुझ्या सीनियरच्या शंभराकडे बघ. ऑड्स रेशो तीन धरला तर दर गटात ५२ लागतात, म्हणजे ५०-५० जवळपास चालून जातं. पण दोन धरला की दर गटात १३५. म्हणजे शंभर मुलांचा अभ्यास फक्त मोठा फरक पकडतो. खरा फरक दोनपटीचा असला, तर तो बहुधा हातातून निसटेल आणि तुझ्या थीसिसमध्ये 'संबंध आढळला नाही' असं छापलं जाईल. संबंध नव्हता असं नाही, जाळीच मोठी होती. म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'नमुना १००' एवढंच लिहून भागत नाही. p0 किती, कुठून, ऑड्स रेशो किती आणि का, हे चार शब्द तरी हवेतच. आणि जुने छोटे अभ्यास वाचताना सावध राहा. पन्नास-पन्नासच्या अभ्यासात संबंध दिसलाच, तर तो बऱ्याचदा फुगून दिसतो, कारण लहान फरक न फुगता त्यांच्या हाती सहसा लागत नाही. त्यातलाच चार-साडेचार उचलून सूत्रात घातलास तर दर गटात तीस मुलांत काम होईल असं वाटेल. होणार नाही.

`OpenEpi` वर जाऊन `Unmatched CC` मध्ये हेच आकडे घालून बघ. तिथे तीन रकान्यांत तीन उत्तरं येतील आणि तिन्ही माझ्या ७६ पेक्षा थोडी वेगळी असू शकतील. घाबरू नकोस, सूत्रांच्या घडणीचा फरक आहे. एक निवड, तिचं नाव लिही, पुढे जा.

आणखी एक सोय आहे. तुझ्याकडे टंचाई केसची आहे, तापाच्या मुलांची नाही. इंदुरात पावसाळा लागला की वॉर्डात तापाशिवाय दुसरं काय असतं? तर एका केसमागे दोन कंट्रोल घे. ऑड्स रेशो अडीचसाठी मग ५८ केस आणि ११६ कंट्रोल पुरतात. नमुना रक्त गोठून किंवा हिमोलाइझ होऊन वाया जाणं, अर्धवट फॉर्म, यासाठी दहा टक्के गळती धर: ५८ ला ०.९ ने भाग, ६५ केस आणि १३० कंट्रोल. तीन कंट्रोल घेतलेस तर आणखी सहा-सात केस वाचतील, पण फेरिटिनच्या चाचण्या फार वाढतील. दोनवर थांबावं असं माझं मत. १९५ चाचण्यांचा खर्च कोण करणार, बायोकेमिस्ट्रीकडे किट आहे की बाहेरून आणायची, हे गाइडना आत्ताच विचार. हा प्रश्न विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती, पण बजेटच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहून कुणाचं फेरिटिन होत नाही.

इथपर्यंत संख्या झाली. खरा घोळ मात्र कंट्रोलमध्ये आहे, आणि समितीने तो अजून विचारला नाही हे तुझं नशीब.

माझ्या स्वतःच्या थीसिसचे कंट्रोल लसीकरणाच्या ओपीडीतून आले होते. बाळं शांत, आया हसऱ्या, रक्तही पटकन मिळायचं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी एकच प्रश्न विचारला: "केसना ताप होता, कंट्रोलना होता का?" नव्हता. फेरिटिन हे साठ्याचं माप आहे, पण शरीरात जळजळ असली की ते आपोआप चढतं. तापाच्या मुलाचं फेरिटिन साठा रिकामा असूनही 'नॉर्मल' दिसू शकतं. मग निरोगी कंट्रोलशी तुलना करून मी काय मोजलं? लोह मोजलं की ताप? मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पास केलं, पण ते त्यांच्या चांगुलपणामुळे.

म्हणून तुझे कंट्रोल तापाचे, पण आकडी न आलेले हवेत. एवढ्यावर मात्र थांबू नकोस, कारण पुढची खाच अजून बारीक आहे. तापातली आकडी बहुतेक वेळा तापाच्या पहिल्याच दिवशी येते. उलट साध्या तापाने भरती झालेलं मूल आई बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणते: आधी मेडिकलवाल्याची बाटली, मग मोहल्ल्यातले डॉक्टर, मग आपण. चार दिवस तापलेल्या मुलाचं फेरिटिन पहिल्या दिवसाच्या मुलापेक्षा वर गेलेलं असणार. म्हणजे तुझे कंट्रोल खोटेच 'लोहसंपन्न' दिसतील, केस खोट्याच 'लोहहीन' दिसतील, आणि नसलेला संबंध झकास सापडेल. यावर उपाय असा: कंट्रोलही ताप सुरू होऊन ४८ तासांच्या आतलेच घ्यायचे, दोन्ही गटांत ताप किती तासांचा ते लिहायचं, आणि प्रत्येकाचं सीआरपी करायचं. डब्ल्यूएचओने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी फेरिटिनची मर्यादा निरोगी असताना १२ आणि संसर्ग असताना ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर दिली आहे. तुझ्या सगळ्या मुलांना ताप आहे, तेव्हा ३० ची मर्यादा दोन्ही गटांना सारखीच लाव. वरचा ३२ टक्क्यांचा आकडा समाजातल्या खेळत्या-बागडत्या मुलांचा आहे, तुझ्या वॉर्डात तो हलू शकतो. पहिल्या वीस-पंचवीस कंट्रोलनंतर एकदा बघ, फार लांब गेला असेल तर समितीला कळवून संख्या पुन्हा मांड.

मग वय. आकडीचं शिखर साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आसपास, आणि लोहाची कमतरताही सहा महिने ते दोन वर्षं याच काळात सगळ्यात जास्त. केस सव्वा वर्षाच्या आणि कंट्रोल साडेतीन वर्षांचे निघाले, तर तू लोहाऐवजी वय मोजलंस. वयाचे तीन-चार गट पाड, आणि ज्या गटात एक केस आली त्याच गटातले पुढचे दोन कंट्रोल घे. जोड्या अगदी महिन्याला महिना जुळवण्याच्या फंदात पडू नकोस. तसं केलंस तर विश्लेषणही जोडीचंच करावं लागतं, आणि लोक जोड्या लावतात पण शेवटी साधा काय-स्क्वेअर करून मोकळे होतात.

आणि गाव. आपल्याकडे झटक्याचं मूल झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनहून रेफर होऊन येतं, साध्या तापाचं मूल मात्र पाटनीपुरा किंवा मालवा मिलचं असतं. त्या दोन घरांतलं जेवण सारखं नाही. त्या पट्ट्यात सिकल सेलही आहे, आणि थॅलेसेमियाचा ट्रेट असला की एमसीव्ही लोह पुरेसं असूनही कमी दिसतं. म्हणून निदान फेरिटिनवर ठेव, एमसीव्हीवर नको. ज्ञात हिमोग्लोबिनोपथी वगळ, आणि जिल्हा हा रकाना फॉर्ममध्ये घाल. कंट्रोल ओपीडीतून न घेता त्याच वॉर्डातून, त्याच आठवड्यात घे, म्हणजे रेफर होऊन आलेली मुलं दोन्हीकडे येतील.

केसची व्याख्या मात्र थोडक्यात आटोपते: ६ ते ६० महिने, ताप ३८ अंश सेल्सियस किंवा वर, सर्वांगाची आकडी, १५ मिनिटांपेक्षा कमी, २४ तासांत एकदाच, मेंदूचा संसर्ग नाही, पूर्वी विनातापाची आकडी नाही. लोहाचं सिरप चालू असलेली मुलं दोन्ही गटांतून वगळ. आईला हिंदीतच विचार, "खून बढ़ाने का सिरप पिला रही हो क्या?" 'आयर्न थेरपी' विचारलंस तर ती मान हलवेल आणि तू 'नाही' लिहिशील.

नैतिकता समितीसाठी दोन गोष्टी. एक, रक्त वेगळं टोचून घ्यायचं नाही, उपचारासाठी सुई लागणारच आहे त्याच वेळी दोन मिली जास्त. कंट्रोलही तेच निवड ज्यांचं रक्त तसंही काढलं जाणार आहे. दोन, कमतरता निघाली तर पालकांना कळवून उपचार कोण करणार ते लिही. संमतीपत्र हिंदीत हवं, मराठीत घरी वाचून दाखवून कौतुक करून घे हवं तर. सात वर्षांखालच्या मुलाची वेगळी असेंट आयसीएमआरच्या नियमांत लागत नाही, पालकांची सही पुरे.

आता वेळ. तुझी तीन वर्षं म्हणजे ३६ महिने, पण अभ्यासाला ते मिळत नाहीत. पहिले सहा-सात सिनॉप्सिस आणि नैतिकता समितीत जातात. परीक्षेच्या किमान सहा महिने आधी थीसिस जमा व्हावा लागतो, म्हणजे तिसाव्या महिन्यात बाइंडिंग झालेलं हवं. त्याआधी मास्टर चार्ट साफ करणं, विश्लेषण, लिहिणं आणि गाइडच्या दुरुस्त्या यांना सहा-सात महिने लागतात. दोन महिन्यांत होतं म्हणणाऱ्याने गाइडची वाट कधी पाहिलेली नसते. उरले सोळा-सतरा. त्यातले तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात दुसऱ्या गावी. शिल्लक साधारण तेरा.

तेरा महिन्यांत ६५ केस, म्हणजे महिन्याला पाच. मिळतील का? हे सूत्र सांगत नाही, वॉर्डाचं रजिस्टर सांगतं. उद्या पोहे खाऊन झाले की रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बस आणि मागच्या बारा महिन्यांच्या आकडीच्या नोंदी मोज. उदाहरणाला धरू, १२० निघाल्या. त्यातून आकडी लांबलेली, पुन्हा आलेली आणि मेनिंजायटिसचा संशय असलेली मुलं काढ, ९० उरतील. सिरप चालू असलेली आणि वयाबाहेरची काढ, ७५. आता सगळ्यात मोठी गळती: रात्री दोनला आलेलं मूल. तू ड्यूटीवर नाहीस, ड्यूटीवरचा तुझा अभ्यास विसरला, सकाळी तू पोचलीस तोवर सुट्टी झाली. ७५ पैकी ५० हाती लागली तर नशीब म्हण. म्हणजे महिन्याला चार, तेरा महिन्यांत ५२. तेरा केस कमी.

इथे माणसाला मोह होतो की ऑड्स रेशो तीन धरू, मग ४५ केसमध्ये भागतं. फरक खरंच तीनपट अपेक्षित आहे असं आधीच्या चांगल्या अभ्यासांवरून दाखवता येत असेल तर धर. आकडा बसवण्यासाठी धरू नकोस, समितीतला सांख्यिकीवाला हे एका नजरेत ओळखतो. त्याऐवजी गळती बंद कर. कॅज्युअल्टीत एक लाल फाइल ठेव: संमतीपत्र, एक पानाचा फॉर्म, लेबल लावलेल्या नळ्या. बॅचमधल्या दोघांना सामील कर आणि बदल्यात त्यांच्या थीसिसचे नमुने तू घे. तू तीन महिने जिल्ह्यात असतानाही फाइल इंदुरात चालू राहिली, तर तेराचे सोळा महिने होतात, आणि महिना चारच्या हिशोबानेही ६४ येतात.

रजिस्टर मोजून झालं की मला कळव. ७५ च्या जागी तुझ्याकडे तीसच निघाले, तर कंट्रोल वाढवूनही हा विषय एका वॉर्डात होणार नाही. मग दुसऱ्या युनिटला किंवा दुसऱ्या रुग्णालयाला जोडायची परवानगी गाइडकडून याच तीन आठवड्यांत घ्यावी लागेल, कारण तिथल्या नैतिकता समितीचाही वेळ धरावा लागतो.